‘आज काही झालं नाही’च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : बारा दिवसांपूर्वी दुचाकीवरून पडले. उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं, प्लेट बसवली आहे. उजवं मनगटही प्लास्टरमध्ये आहे. मांडीची जखम उघडी होती म्हणून अजून दोन-तीन आठवडे हॉस्पिटलमध्येच राहायचंय आणि त्या पायावर भार द्यायला मनाई आहे. पहिले तीन दिवस तर नीट आठवतही नाहीत. भावाने वही आणून दिली, ‘लिहीत जा’ म्हणाला. डाव्या हाताने कसंबसं लिहिते. चार दिवस रोज एकच ओळ : ‘आज काही झालं नाही.’ दिवस जाता जात नाही. बेडपॅनसाठीसुद्धा मावशींची वाट बघावी लागते आणि त्याची इतकी लाज वाटते, की ते कागदावर आणावंसंही वाटत नाही. सगळे म्हणतात सुधारणा आहे. मला आजचा दिवस कालच्यासारखाच दिसतो. या वहीचा खरंच काही उपयोग आहे का? मी लिहू तरी काय?

उत्तर : उपयोग आहे, पण वहीला विचारायचा प्रश्न बदलावा लागेल. ‘आज काय झालं?’ हा चालत्याफिरत्या माणसाचा प्रश्न. पलंगावर घटना फारशा घडत नाहीत, कामं मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात. आणि प्रत्येक कामाचे तुकडे पडतात. त्यातला कोणता तुकडा आज तुमच्या हातून झाला आणि कोणता दुसऱ्याने केला, एवढंच लिहायला लागा. कंटाळा, परावलंबन आणि सुधारणा या तुमच्या तिन्ही तक्रारींचा धागा तिथेच सापडतो.

पण आधी हाताचं बघू, कारण बऱ्याच वह्या विचारांअभावी नाही, तर हात दुखतो म्हणून बंद पडतात. बॉलपेन बाजूला ठेवा. त्याची शाई वरून खाली येते. आडवं पडून पेनाचं टोक वर धरलं की चार-दोन ओळींत ते कोरडं चालायला लागतं आणि आपण उगाच जोर देत बसतो. मऊ शिशाची, २बी पेन्सिल घ्या. कमी दाबात उठते आणि कोणत्याही कोनात चालते. सवय नसलेल्या हाताला बारीक पेन्सिल पकडवत नाही, म्हणून तिच्यावर ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचे आठ-दहा वेढे देऊन ती बोटभर जाड करून घ्या. अर्धा मीटर दोरीने ती पलंगाच्या डाव्या कठड्याला बांधा. पेन्सिल खाली पडली की ती उचलून द्यायला कोणाला तरी हाक मारावी लागते आणि त्या दिवसाचं लिखाण बहुधा तिथेच संपतं.

वही लहान हवी आणि पान पूर्ण मागे दुमडता येईल अशी, तारेच्या बांधणीची. तुमचा डावा पाय धड आहे. तो गुडघ्यात वाकवा, मांडीवर उशी ठेवा आणि तिच्यावर क्लिपची पाटी टेकवा. डॉक्टरांची परवानगी असेल तर डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश वर करून घ्या. पाटी सरकू नये म्हणून प्लास्टरचा हात तिच्यावर दाबून धरण्याचा मोह होईल, तो टाळा. पाटीखाली ओलसर कापडाची घडी ठेवली तरी ती जागची हलत नाही. डाव्या हाताने लिहिताना कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा फिरवून ठेवा, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जाणार नाही. बिनरेघी पान घ्या, अक्षर मोठं काढा आणि शिरोरेघ सोडून द्या. डाव्या हाताचा निम्मा त्रास त्या आडव्या रेघेत असतो. पाच मिनिटांत हात भरून येतो. तेव्हा थांबायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी.

फोनवर बोलून ठेवायलाही हरकत नाही. मात्र आधी तारीख आणि वेळ उच्चारा, नाहीतर आठवड्याने कोणतं रेकॉर्डिंग कधीचं ते कळत नाही. पडद्याने दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही, म्हणून खासगी गोष्टी पेन्सिलीनेच लिहा.

तुम्ही बहुधा रात्री लिहिता, आणि ती सगळ्यात वाईट वेळ. दुखण्यावरच्या जड गोळ्यांनी तोवर दिवसाचे तपशील पुसट झालेले असतात आणि हाताशी फक्त थकवा उरतो. व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट येऊन गेले की अर्ध्या तासाच्या आत तीन ओळी, आणि दुपारी जिथे वेळ सर्वांत जास्त रेंगाळतो तिथे तीन ओळी, एवढं पुरे.

तो वेळ कुठे रेंगाळतो हे आधी शोधायला हवं. एका पानावर सकाळी ६ ते रात्री १० अशी तासांची ओळ मांडा. घड्याळाकडे नजर गेली की त्या तासापुढे एक अक्षर टाका : कंटाळ्याने पाहिलं असेल तर ‘क’, दुखत होतं म्हणून पाहिलं असेल तर ‘दु’, गुंगीतून जाग आली म्हणून पाहिलं असेल तर ‘झो’. तीन दिवसांनी ते पान बघा. अक्षरं दिवसभर सारखी पसरलेली नसतात. बहुतेकांच्या बाबतीत ती एक-दोन ठिकाणी गर्दी करतात, उदाहरणार्थ ड्रेसिंग आटोपल्यापासून संध्याकाळच्या भेटीच्या वेळेपर्यंत. मग ‘दिवस जात नाही’ याचा अर्थ ‘दोन ते साडेचार जात नाहीत’ असा निघतो, आणि अडीच तासांचं काहीतरी करता येतं. भावाचा रोजचा फोन रात्री आठऐवजी तीनला घेता येतो. पायाच्या व्यायामाची दुसरी खेप त्या वेळेला ठेवता येईल का, हे विचारता येतं.

या पानाचा आणखी एक फायदा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. पुष्कळदा ज्याला आपण दुपारचा कंटाळा म्हणतो, ते हळूहळू चढत जाणारं दुखणं असतं. ‘दु’ची गर्दी रोज पुढच्या गोळीच्या आधीच्या तासातच दिसत असेल तर ते पान सिस्टरना किंवा राउंडला आलेल्या डॉक्टरांना दाखवा. ‘मला खूप दुखतं’ यावरून त्यांना फार थोडं कळतं; ‘तीन दिवस रोज एक ते दोन या वेळात दुखणं १० पैकी ७ वर जातं आणि गोळी दोनला आहे’ यावरून औषधाची वेळ बदलायची का ते ठरवता येतं. दुखण्याचा आकडा लिहिताना नुसतं पडून असतानाचा आणि हालचाल करतानाचा असे दोन वेगळे लिहा. एकच लिहिला तर पुढे वाचताना तो कशाचा होता ते उमगत नाही.

कंटाळ्याच्या त्या पट्ट्यात लिहायला एक साधा प्रकार आहे. कोणतीही १५ मिनिटं घ्या आणि त्यात जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच वेळेसकट लिहा. ‘३.१० औषधांची ट्रॉली, पुढचं एक चाक कुरकुरतं. ३.१४ समोरचा पडदा अर्धा उघडा, दोन पायच दिसतात. ३.१९ कुणीतरी हसलं, मग एकदम गप्प.’ ‘छान’, ‘उदास’, ‘भयंकर’ असे शब्द त्यात येऊ देऊ नका. अशा नोंदीत तुमचं लक्ष शरीराबाहेर जातं आणि पान कोऱ्यासारखं राहत नाही. ‘काही झालं नाही’ लिहिलेल्या दिवशीही हे सगळं चालूच होतं.

आता बेडपॅन. तुम्हाला ते कागदावर नको वाटतं हे समजतं, तरी आमचा आग्रह याच कामाची नोंद ठेवण्याचा आहे. दिवसातून अनेकदा होणारं, बऱ्याच टप्प्यांचं आणि सुधारणा सगळ्यात आधी दाखवणारं दुसरं काम या पलंगावर नाही. त्याचे सात टप्पे पाडा : बेल वाजवणं, वाट बघणं, कपडे सरकवणं, कंबर उचलणं, भांडं खाली नीट बसवणं, स्वच्छता, भांडं काढून हात धुणं. प्रत्येकापुढे ‘मी’, ‘दोघी’ किंवा ‘त्या’ यांपैकी एक लिहा. वाट बघण्यापुढे फक्त मिनिटं.

तुमच्यासारख्या दुखापतीत हे पान साधारण कसं बदलतं ते पाहा. बाराव्या दिवशी बेल तेवढी ‘मी’ आणि बाकी सगळं ‘त्या’, कंबर उचलायला तर दोन माणसं. दरम्यान डावं पाऊल गादीवर रोवून, डाव्या हाताने वरच्या टांगत्या मुठीला धरून कंबर उचलायला शिकवलं जातं. उजवा पाय तेव्हा कोणीतरी नुसता सांभाळून धरतं, त्याने जोर लावायचा नसतो. पंधराव्या दिवशी लिहिलं जातं : ‘कंबर – दोघी. ४ सेकंद उचलून धरली, भांडं दुसऱ्या खेपेला नीट बसलं. आज एकच मावशी लागल्या.’ एकोणिसाव्या दिवशी : ‘कंबर – मी, ८ सेकंद. डावीकडचे कपडे – मी.’ हे चार सेकंद आणि एक माणूस कमी होणं हीच ती सुधारणा, जी सगळ्यांना दिसते आणि तुम्हाला दिसत नाही. त्यांना ती लांबून दिसते. तुम्हाला जवळून बघायला असा कागद लागतो.

पुढे एक दिवस बेडपॅन जाऊन पलंगाशेजारी कमोडची खुर्ची येईल आणि पानावर एकदम सगळीकडे पुन्हा ‘त्या’ आणि ‘दोघी’ दिसायला लागतील. इथे पुष्कळ जण खचतात. मागे गेल्यासारखं वाटतं, पण काम बदललेलं असतं : कडेला बसणं, एका पायावर उभं राहणं, वळणं, टेकणं. जुन्या पानाशी त्याची तुलना लावू नका. नव्या कामाचे नवे टप्पे नव्या पानावर मांडा.

वाट बघण्याच्या मिनिटांतूनही एक गोष्ट निघते. चार दिवसांत दिसेल, की एरवी सात-आठ मिनिटांत कोणीतरी येतं आणि ड्यूटी बदलण्याच्या वेळी पंचवीस मिनिटं लागतात. मग त्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच बेल वाजवायची. ही नोंद तक्रारीसाठी नाही, तुमच्या नियोजनासाठी आहे. पण पंचवीस मिनिटं रोजच, सगळ्याच वेळी लागत असतील तर वॉर्डच्या मुख्य सिस्टरना हेच आकडे शांतपणे दाखवा.

लाजेचं असं होतं, की ती आधी पाण्याच्या पेल्यात दिसते. बेडपॅन कमी वेळा मागावं लागावं म्हणून लोक नकळत पाणी कमी पितात. त्यात दुखण्यावरच्या अफूवर्गातल्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, आणि एकाच जागी पडून राहिल्याने त्यात भर पडते. म्हणून रोज पेले मोजून एक आकडा लिहा आणि शौचाला झालं की तारखेपुढे खूण करा. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणापेक्षा पेले कमी पडत असतील किंवा तीन दिवस खूण नसेल तर वहीत ठेवू नका, सिस्टरना सांगा. त्यावर उपाय सोपा असतो, उशीर झाला की अवघड होतो.

लाजेबद्दल लिहायचं झालं तर आधी घडलेलं लिहा, मग भावनेचं एकच वाक्य. ‘पडदा एका बाजूने उघडा होता. मी बोलले नाही. संताप आला.’ असं लिहिलं की त्यातून पुढच्या वेळचं वाक्य आपोआप तयार होतं : ‘मावशी, आधी पडदा पूर्ण ओढा, मग सुरू करू.’ हे वाक्य वहीत तयार लिहून ठेवा. अडचणीच्या क्षणी ते सुचत नाही. ज्या मावशींच्या हाताने कमी अवघडायला होतं, त्या नेमकं काय करतात तेही टिपा. हात लावण्याआधी सांगतात? भांडं कोमट पाण्याने विसळून आणतात? तुमची कंबर उचलून होईपर्यंत थांबतात? ते शब्दांत आलं, की दुसऱ्या कोणालाही तेच करायला सांगता येतं.

वही उशाशी पडलेली असते आणि भेटायला आलेलं माणूस सहज चाळतं. पुढून सुरू होणारी पानं सगळ्यांसाठी ठेवा : वेळा, आकडे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. खासगी ते वही उलटी करून मागून लिहा आणि त्या भागाला जाड रबर लावा. भावाला ही विभागणी आजच सांगून टाका.

सुधारणेसाठी टप्प्यांच्या पानाशिवाय जास्तीत जास्त दोनच मापं घ्या. तुमच्यासाठी एक म्हणजे पलंगाच्या कडेला किती मिनिटं बसवलं आणि चक्कर कितव्या मिनिटाला आली. दुसरं म्हणजे गुडघा किती वाकतो. ते अंश फिजिओथेरपिस्ट कोनमापकाने मोजतात, त्यांनी मोजला की आकडा विचारून लिहून घ्या, स्वतः अंदाज करू नका. बसण्याचं माप रोज एकाच वेळी आणि गोळीनंतर साधारण तेवढ्याच अंतराने घ्या. गोळीआधीचा एक दिवस आणि गोळीनंतरचा दुसरा यांची तुलना म्हणजे गोळीचीच तुलना.

समजा आकडे असे आले : बारावा दिवस २ मिनिटं, पंधरावा ५, सोळावा ३, एकोणिसावा १०. सोळाव्या दिवशी मन खट्टू होणारच. पण त्या ओळीत शेजारी ‘रात्री तीन तासच झोप, सकाळी ड्रेसिंग’ असं लिहिलेलं असेल तर कारण समोर असतं. सूज, झोप, ड्रेसिंग, आदल्या दिवशीचा जादा व्यायाम यांनी आकडा रोज खालीवर होतो. म्हणून कालशी ताडून बघू नका, सात दिवसांपूर्वीशी बघा. २ वरून १० हा फरक कुठल्याही एका वाईट रात्रीपेक्षा मोठा आहे. आकडा वाढावा म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त वेळ बसलात किंवा जास्त व्यायाम केलात असं लक्षात आलं तर ते माप आठवडाभर बंद ठेवा. वहीपायी पाय सुजला तर काय उपयोग?

पहिले तीन दिवस भावाकडून लिहून घ्या. अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णासाठी सिस्टर आणि घरच्यांनी रोजनिशी लिहायची पद्धत काही देशांत बरीच वर्षं आहे. तिचा मानसिक त्रासावर काय परिणाम होतो, याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ३५२ रुग्णांच्या अभ्यासात रोजनिशी मिळालेल्यांमध्ये आघातोत्तर ताणाचा विकार कमी जणांना झाला. २०१९ मधल्या फ्रान्समधल्या ६५७ रुग्णांच्या अभ्यासात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा औषध म्हणून नको, निसटलेले दिवस जागेवर यावेत म्हणून लिहून घ्या. भावाला सांगा, धीर देणारं लिहू नकोस, घडलेलं लिही : किती वाजता आणलं, ऑपरेशन किती वेळ चाललं, मी काय बोलले, कोण आलं. त्याला माहीत नाही तिथे त्याने रिकामी जागा सोडावी. तुम्हाला त्या दिवसांतलं काही विचित्र आठवत असेल, भिंत हलत होती किंवा कोणी धरून ठेवलं होतं असं, तर ते त्याच्या ओळीसमोरच्या पानावर लिहा आणि मग विचारा. धरून ठेवणारे हात पुष्कळदा पट्टी बदलताना पाय स्थिर धरणाऱ्या सिस्टरचे निघतात. ती पानं एका बैठकीत वाचायची गरज नाही.

प्रत्यक्ष पडण्याचे क्षण आत्ता लिहिलेच पाहिजेत असं नाही. लिहिताना छाती धडधडते आणि वाक्य त्याच दोन सेकंदांशी फिरत राहतं, असं झालं तर पेन्सिल ठेवा आणि खिडकीचं किंवा ट्रॉलीचं लिहा. वाईट स्वप्नं आणि तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं महिन्याच्या वर टिकलं तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

आणि काही गोष्टी वहीत लिहायच्याच नसतात, सरळ बेल वाजवायची असते : एकाच पोटरीला अचानक सूज किंवा दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, प्लास्टरमधली बोटं बधिर, थंड किंवा निळसर होणं, गोळीनेही न थांबता वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा जखमेला वास. वेळ मागून लिहिता येते.

घरी जायचं ठरलं, की निघण्याच्या दोन दिवस आधी शेवटच्या आठवड्याची टप्प्यांची पानं काढा आणि ज्यांपुढे अजून ‘त्या’ किंवा ‘दोघी’ आहे तेवढेच टप्पे एका स्वच्छ कागदावर उतरवा. एक प्रत भावाला आणि एक फिजिओथेरपिस्टना द्या. मनगटावर भार चालत नसेल तर कोपर टेकवायचा वॉकर लागेल का, कमोडची उंची किती हवी, रात्री हाकेच्या अंतरावर कोणी झोपायचं, हे त्या कागदावरून ठरतं. तो कागद लिहायला डाव्या हाताने तासभर लागेल, म्हणून दोन दुपारींत वाटून घ्या.